नाजूक पोट आणि गाडीवरचं खाणं: शेवटची आच कधी लागली?

प्रश्न: माझं पोट पहिल्यापासून नाजूक आहे, अ‍ॅसिडिटीची गोळीही रोज चालू आहे. बाहेर गाडीवर खाल्लं की बऱ्याचदा त्रास होतो. म्हणून तळलेलं टाळतो आणि त्याऐवजी कापलेल्या फळांची डिश घेतो, तरी पोट बिघडतंच. बाहेरचं खाणं पूर्ण सोडायचं नाही. नेमकं काय खावं, काय टाळावं?

उत्तर: तुमची निवड उलटी करून बघा. गाडीवरच्या ज्या दोन गोष्टींची तुम्ही तुलना करताय, त्यांत कढईतून तुमच्यासमोर निघालेला पदार्थ बहुतेक वेळा सुरक्षित असतो आणि कापून ठेवलेली फळं धोक्याची असतात. तळलेलं पचायला जड असू शकतं, त्यामुळे त्रासही होऊ शकतो, पण तो त्रास वेगळा. पोटविकारांच्या रुग्णांना इतकी वर्षं तपासताना मला सतत हे दिसतं की 'जड' आणि 'दूषित' या दोन गोष्टींची लोक सरमिसळ करतात आणि दोष चुकीच्या पदार्थाच्या माथी मारतात.

तुमच्यासारख्याच एका रुग्णाचं उदाहरण घेतो. बाई पस्तिशीच्या, पोट नाजूक, अ‍ॅसिडिटीची गोळी रोजची. संध्याकाळी साडेसातला त्यांनी कढईतून काढलेला गरम, तिखट पदार्थ खाल्ला. वर तोंड गोड करायला आणि 'पचायला हलकं' म्हणून शेजारच्या गाडीवरून कापलेल्या कलिंगडाची डिश घेतली. साडेआठला पोटात कळ आली, एकदा पातळ शौचाला झालं आणि थांबलं. रात्र नीट गेली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र मुरडा, ताप आणि जुलाब सुरू झाले. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचं ठाम मत होतं की तळलेल्याने घात केला, कारण तासाभरात पोट दुखायला लागलं होतं.

इथे दोन वेगवेगळ्या घटना आहेत. पहिली, तासाभरात आलेली कळ. जेवण पोटात गेलं की मोठ्या आतड्याला पुढे सरकण्याचा इशारा मिळतो, हे प्रत्येकाच्या शरीरात घडतं. ज्यांचं आतडं संवेदनशील असतं त्यांच्यात तो इशारा फार जोरात बसतो आणि तेल-तिखटाने आणखी वाढतो. त्यात जंतूंचा संबंध नसतो. दुसरी घटना, जवळपास अठरा-वीस तासांनी आलेला ताप आणि जुलाब. हा संसर्ग. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला निघाला. या जंतूचा त्रास साधारण 6 ते 72 तासांत सुरू होतो, बऱ्याचदा 12 ते 36 तासांत. उकळत्या तेलातून थेट डिशमध्ये आलेल्या पदार्थात तो जिवंत राहणं कठीण. कलिंगडच कारणीभूत होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण खाल्लेल्या डिशची तपासणी कुणी केली नव्हती. पण त्या संध्याकाळच्या खाण्यात आच न लागलेली आणि उघड्यावर थांबलेली गोष्ट तेवढी एकच होती.

त्यामुळे गाडीसमोर उभं राहिल्यावर मनात एकच प्रश्न ठेवा: या पदार्थाला शेवटची आच कधी लागली आणि त्यानंतर त्याला काय काय लागलं? गाडी चकचकीत आहे की कळकट, यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पोटासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

आता आचेचं गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे अन्न शिजताना आतपर्यंत निदान 70 अंश सेल्सिअस तापायला हवं. त्यानंतर ते 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली थंड ठेवायला हवं. मधला सगळा पट्टा जंतूंच्या वाढीचा. अनुकूल हवा-ओल मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे तीन तासांत पाचशेच्या वर. म्हणून शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं सांगतात, आणि उकाडा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास.

गाडीवर थर्मामीटर कुणी नेत नाही आणि त्याची गरजही नाही. पदार्थ मधोमध मोडा. आतून वाफ निघाली आणि पहिला घास फुंकर मारूनच घ्यावा लागला, तर तो पुरेसा गरम आहे. बाहेरून चटका आणि आत कोमट लागलं तर तिथेच थांबा. असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधी अर्धवट तळून ठेवलेले पदार्थ. गर्दी सांभाळायला विक्रेते सकाळीच पहिली तळणी उरकतात. मग परातीत फिकट रंगाच्या तुकड्यांचा ढीग असतो आणि गिऱ्हाईक आलं की ते अर्धा मिनिट कढईत फिरवून देतात. रंग येतो, कड कुरकुरीत होते, पण मध्यभागापर्यंत उष्णता पोचायला वेळच मिळालेला नसतो. जाड तुकडा आणि मांस, अंडं किंवा उकडलेल्या बटाट्याचं सारण असेल तर ही गोष्ट जास्तच घातक. म्हणून तुमच्यासमोर कच्चं पीठ किंवा कच्चा तुकडा कढईत जाताना दिसेल तिथेच घ्या, आणि शक्यतो पातळ किंवा लहान आकाराचा पदार्थ निवडा. ढिगातलंच असेल तर विक्रेत्याला सांगा, 'जरा जास्त वेळ राहू द्या, वाट बघतो.' बहुतेक जण आनंदाने ऐकतात.

तव्यावर तुमच्यासमोर फोडलेल्या अंड्याचं ऑम्लेट, दोन्ही बाजूंनी घट्ट भाजलेलं, ही नाजूक पोटासाठी माझ्या मते गाडीवरची सर्वांत भरवशाची निवड आहे. ते पातळ असतं, आतपर्यंत लगेच तापतं आणि तव्यावरून थेट तुमच्या हातात येतं. उकळत्या भांड्यातून वाढलेलं सूप किंवा रस्साही चांगला. पण भांड्याखाली नुसता जाळ आहे म्हणून समाधान मानू नका. मोठ्या पातेल्यात खाली आच असूनही वरचा थर कोमट असू शकतो. रस्सा मधोमध रटरटताना दिसला पाहिजे. मोठ्या भांड्यातलं मांसाचं कालवण सावकाश निवतं तेव्हा त्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू वाढतो. त्याने साधारण 6 ते 24 तासांत मुरडा आणि जुलाब होतात. पातेलं पुन्हा खरोखर उकळलं तर हे वाढलेले जंतू मरतात. फक्त कोमट केलं तर उलट त्यांना वाढायला आणखी वेळ मिळतो.

भाताचं आणि नूडल्सचं मात्र वेगळं आहे, आणि इथे 'गरम म्हणजे सुरक्षित' हा नियम तोकडा पडतो. तांदळात आणि इतर धान्यांत बॅसिलस सेरिअस या जंतूचे सुप्त बीजाणू असतात. ते भात शिजतानाही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास उघड्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात. हे विष परतून, तळून किंवा उकळूनही नष्ट होत नाही. परतलेल्या भातासाठी मुद्दाम आधी शिजवून निवलेला भात वापरतात, कारण ताजा भात परतताना चिकट होतो. तो भात शीतकपाटात होता की दुपारपासून टोपलीत, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. जळता जाळ, उंच उडणारी कढई, भरपूर वाफ, सगळं डोळ्यांसमोर ताजं दिसतं आणि विष मात्र दुपारीच तयार झालेलं असतं. असं खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात. हाताळलेल्या, साध्या हवेत राहिलेल्या अन्नात स्टॅफिलोकोकस हा दुसरा एक जंतूही असंच उष्णतेला दाद न देणारं विष तयार करतो. त्यामुळे भात खायचाच तर ऐन जेवणाच्या वेळी, जिथे एकामागून एक हंडी रिकामी होतेय, तिथला वाफाळता साधा भात घ्या. रात्री उशिरा, गर्दी ओसरल्यावर ढिगाऱ्यातल्या भाताचा किंवा नूडल्सचा परतलेला पदार्थ टाळा.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: शेवटच्या आचेनंतर काय लागलं? इथेच चांगला पदार्थ बिघडतो. कढईतून काढलेल्या तुकड्यावर कच्चा कांदा आणि चिरलेला पाला पेरला जातो, सकाळी वाटलेला पातळ कच्चा सॉस ओतला जातो आणि बादलीत बुचकळून काढलेल्या ओल्या प्लेटमध्ये तो ठेवला जातो. तुमचा घास गरम असला तरी वरचा पाला काही त्या उष्णतेने शिजत नाही. विक्रेत्याला एवढंच सांगा: वरचं काही नको, आणि कोरड्या कागदात द्या. लिंबू पिळायचं असेल तर तुमच्यासमोर कापलेलं घ्या, पण लिंबाच्या आंबटपणाने जंतू मरतील या भरवशावर राहू नका. त्या मिनिटभरात तसं काही होत नाही.

पैसे घेणारा आणि अन्न हाताळणारा हात एकच आहे का, तेही पाहा. चिमट्याने किंवा झाऱ्याने वाढत असतील तर उत्तम. तुमचे हातही तितकेच महत्त्वाचे. खिशातल्या सॅनिटायझरच्या भरवशावर लोक निर्धास्त असतात, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलच्या जेलचा परिणाम कमी होतो. साबण आणि वाहतं पाणी मिळालं तर तेच वापरा. नाही मिळालं तर पदार्थ कागदाने धरून खा.

आता कापलेल्या फळांकडे येतो, कारण तुमच्या त्रासाची गाठ मला तिथेच दिसते.

अखंड फळाची साल हे त्याचं चिलखत असतं. कलिंगड-खरबूज जमिनीवर वाढतात, मातीत लोळतात, ट्रकमध्ये एकमेकांवर आपटतात. सालीवर बसलेले जंतू बाहेरच राहतात, तोवर काही बिघडत नाही. सुरी सालीतून आत शिरते तेव्हा सालीवरचं सगळं ती गरात ओढत नेते. खरबुजाच्या जाळीदार सालीच्या खाचांतली घाण तर धुऊनही पूर्ण निघत नाही. पुढे फळाला आच लागायचीच नसते, म्हणजे आत गेलेलं आतच राहतं. कलिंगड आणि खरबुजाच्या गरात आंबटपणा जवळजवळ नसतो, पाणी आणि साखर भरपूर. जंतूंना हवं ते सगळं तिथे आहे. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये कापलेलं खरबूज-कलिंगड दूध-मांसासारख्या, तापमान सांभाळावं लागणाऱ्या पदार्थांच्या गटात आहे. 'फळच तर आहे' म्हणून आपण ज्याकडे बघतो, त्याला अन्नसुरक्षेचे जाणकार इतक्या गांभीर्याने घेतात.

एखाद्या फळवाल्याच्या गाडीजवळ दहा मिनिटं उभं राहून नीट बघा. ओल्या फडक्याने फळी पुसली जाते, त्याच फडक्याने सुरी आणि हात. फोडी सुकल्यासारख्या दिसू लागल्या की त्यांवर पाण्याचा शिपका मारला जातो, आणि त्या पुन्हा चकाकतात. ती चकाकी पाहून गिऱ्हाईक ताजं समजून घेतं. पाणी कुठलं, ते विचारायची सोय नसते. नव्या फोडी जुन्यांच्या वर रचल्या जातात आणि तळाला राहिलेल्या सकाळच्या फोडी संध्याकाळी वर येतात. खाली बर्फ असला तरी तो फक्त तळाच्या फोडींना गार करतो. वरच्या फोडी हवेइतक्याच उबदार राहतात आणि बर्फ वितळून त्याचं पाणी फोडींना लागतं. गोठल्याने जंतू मरत नाहीत, त्यामुळे बर्फाची सुरक्षितता तो ज्या पाण्याचा केला तेवढीच. वर भुरभुरलेल्या मीठ-मसाल्याने चव येते, जंतूंना फरक पडत नाही. फोडींवर प्लास्टिकचा कागद ताणलेला असेल तर माश्या तेवढ्या बसत नाहीत, बाकी सगळं तसंच.

अननस, संत्र्यासारख्या आंबट फळांत जंतू कलिंगडाइतके फोफावत नाहीत. पण सुरी, फडकं, हात आणि पाणी यांतून जे आलं ते खायला पुरेसं असतं. काही जंतूंना आणि विषाणूंना आजारी पाडायला वाढण्याची गरजच नसते, अगदी थोडे पुरतात. त्यामुळे कापून ठेवलेलं फळ आंबट असलं तरी टाळाच. तुमच्यासमोर कापून देणारा त्यातल्या त्यात बरा, पण सुरी आणि फळी तीच असते, म्हणून मी नाजूक पोटाच्या माणसाला तेही सुचवत नाही. केळं घ्या, संत्रं घ्या. स्वतः सोला, गराला सालीची बाहेरची बाजू आणि बोटं कमीत कमी लागू द्या. घरून धुतलेलं अखंड फळ पिशवीत ठेवलंत तर आणखी उत्तम. फळांच्या रसालाही फोडींचेच सगळे नियम लागू, वर बर्फ आणि मिक्सरचं भांडं यांची भर.

आणखी एक गोष्ट तुमच्यासारख्यांनी लक्षात घ्यावी. कलिंगड, आंबा, सफरचंद यांत फ्रुक्टोज ही साखर ग्लुकोजच्या मानाने जास्त असते. काहींच्या आतड्यात ती पूर्ण शोषली जात नाही, पुढे सरकते, तिथे आंबते आणि पोट डब्ब होतं, कधी पातळ शौचाला होतं. म्हणजे घरी स्वच्छ कापलेल्या मोठ्या वाटीभर कलिंगडानेही तुम्हाला त्रास होऊ शकतो. नाजूक पोटाला फळ 'हलकं' असतंच असं नाही. पिकलेलं पण फार न मऊ झालेलं केळं किंवा संत्रं बहुतेकांना यापेक्षा सोसतं.

अ‍ॅसिडिटीच्या गोळीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण हे रुग्णांना फारसं कुणी सांगत नाही. जठरातलं आम्ल हा आपला पहिला पहारेकरी आहे. अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू तिथेच मरतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या तो पहारा ढिला करतात आणि त्यामुळे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारख्या जंतूंचा संसर्ग सहज होऊ शकतो. तुमच्याबरोबर तीच डिश खाल्लेल्या मित्राला काहीच झालं नाही आणि तुम्ही दोन दिवस अंथरुणात, याचं एक कारण हे असू शकतं. गोळी मनाने बंद करू नका, काही आजारांत ती आवश्यक असते. पण ती सुरू करून बराच काळ झाला असेल तर अजून लागते का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. तोवर कापलेल्या फळांबाबत इतरांपेक्षा तुम्ही जास्त कडक राहायला हवं.

तेला-तिखटाचा त्रास आचेने जाणार नाही, तो प्रमाणाने आटोक्यात येतो. एका वेळी एकच गरम पदार्थ, अर्धं प्रमाण, तिखट कमी, कांदा-लसूण वरून नको. रिकाम्या पोटी तिखट-तळलेलं खाऊ नका आणि वर लगेच गार गोड पेय ओतू नका. असं तीन-चार वेळा करून बघा. तरीही दर वेळी तासाभरात कळ येत असेल, तर स्वच्छतेपेक्षा तुमच्या आतड्याच्या संवेदनशीलतेकडे लक्ष द्यावं लागेल आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

गरोदर बाई, वयस्कर माणसं, लहान बाळं आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांना मी यापेक्षाही कडक सल्ला देतो: समोर शिजलेलं, वाफाळतं आणि वर काहीही न घातलेलं तेवढंच.

काळजी घेऊनही पोट बिघडलंच तर पहिलं काम पाणी भरून काढणं. दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी सर्वांत चांगली, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. ती नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. मीठ अंदाजाने वाढवू नका. उलट्या होत असतील तर घोट घोट, थोड्या थोड्या वेळाने. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर घेऊ नका. घरात उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच नको.

शौचातून रक्त, 39 अंशांच्या आसपास ताप, पाणीही न टिकणं, लघवी फार कमी आणि गडद होणं, उभं राहिल्यावर चक्कर, किंवा तीन दिवसांनंतरही न थांबणारे जुलाब, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. जाताना फक्त शेवटचं जेवण सांगू नका. कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास बहुधा दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो, म्हणजे खरा दोषी पदार्थ तुमच्या आठवणीतून एव्हाना निसटलेला असतो. मागच्या चार-पाच दिवसांत बाहेर काय खाल्लं, साधारण किती वाजता, त्यात कच्चं किंवा कापून ठेवलेलं काय होतं, आणि पहिली कळ, पहिली उलटी, पहिला ताप कधी आला, हे कागदावर लिहून न्या. कुठली तपासणी करायची हे ठरवताना डॉक्टरांना या वेळांचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.